टीव्हीला वायफाय लागलंय, पण इंटरनेट नाही: राउटरमधला अडसर कसा शोधायचा

आमच्या मंगळवार पेठेत वळवाचा पाऊस आला की लाईट जाते आणि लाईट आली की माझा फोन वाजतो. मे महिन्यात असाच शेजारच्या काकूंचा फोन आला. "अरे, टीव्हीला वायफाय लागलंय म्हणून दाखवतोय, मग यूट्यूब का चालंना झालंय?" काकांचा निकाल तयारच होता. वीज चमकली, टीव्ही गंडला, आता दुकानात न्यायचा.

जाऊन बघितलं तर टीव्हीच्या पडद्यावर वायफायच्या नावाखाली लिहिलेलं होतं: `Connected, no internet`. काकांच्या फोनवर त्याच वायफायवर व्हिडिओ झकास चालू होते. टीव्ही ठणठणीत होता, लाईनही ठीक होती. अडसर होता राउटरमधल्या दोन वर्षांपूर्वीच्या एका ओळीत. ती कशी सापडली ते क्रमाने सांगतो. तुमच्या घरीही याच वाटेने जाता येईल.

टीव्ही नेमकं काय म्हणतोय

वायफाय लागणं आणि इंटरनेट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायफाय लागलं याचा अर्थ एवढाच की टीव्ही आणि राउटर यांचं जुळलं, पासवर्ड बरोबर निघाला. त्यानंतर राउटर टीव्हीला घरातल्या घरात वापरायचा एक पत्ता देतो, `192.168.1.4` असा काहीतरी. याला आयपी पत्ता म्हणतात. तो मिळाल्यावर अँड्रॉइड टीव्ही गुपचूप एक चाचणी घेतो. गूगलच्या एका ठरलेल्या पानाला हाक मारतो आणि ठरलेलं उत्तर येतंय का ते पाहतो. उत्तर आलं नाही, की तो वरचा संदेश दाखवतो.

जुन्या वाड्याला पुढचा दरवाजा असतो आणि मागे परसदार. वायफायचा पासवर्ड पुढच्या दरवाजावर तपासला जातो आणि इंटरनेटकडे जायची वाट परसदारातून आहे. राउटरमध्ये दोन्हीकडे राखणदार बसवता येतात. पुढच्या दारावरच्या राखणदाराने टीव्हीला अडवलं तर वायफाय लागतच नाही. टीव्ही नुसता प्रयत्न करत बसतो, किंवा जोडता आलं नाही म्हणून सांगतो. वायफाय लागलंय आणि इंटरनेट नाही, असं असेल तर पुढचं दार ओलांडून झालेलं आहे. मग परसदारात कोण बसलाय ते बघायचं.

एवढी एक गोष्ट ध्यानात आली तरी निम्मा वेळ वाचतो. कारण इंटरनेट बंद म्हटलं की लोक सगळ्यात आधी `Wireless MAC Filter` उघडून बसतात. तो पुढच्या दारावरचा राखणदार. या तक्रारीत त्याचा हात क्वचितच असतो.

राउटर उघडायच्या आधी

आधी फोन त्याच वायफायवर लावा आणि फोनचा मोबाईल डेटा बंद करा. हे विसरू नका. वायफायवर इंटरनेट नसलं की बरेच फोन न सांगता मोबाईल डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं की वायफाय चालतंय. डेटा बंद करूनही फोन चालला तर बाहेरची लाईन ठीक आहे. फोनही चालत नसेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, केबलवाल्याला फोन लावा.

मग फोनचा मोबाईल डेटा परत चालू करा, हॉटस्पॉट चालू करून टीव्ही त्यावर जोडा आणि एखादा छोटा व्हिडिओ लावून बघा. मोठा लावू नका, टीव्ही आपणहून वरची क्वालिटी धरतो आणि दिवसाचा डेटा बघता बघता संपवतो. हॉटस्पॉटवर चालला तर टीव्हीचं वायफाय आणि अॅप दोन्ही धडधाकट आहेत. काकूंचा टीव्ही इथे लगेच चालला. काकांना मात्र तो चमत्कार वाटला.

हॉटस्पॉटवरही तीच रड असेल तर टीव्हीची तारीख आणि वेळ बघा. तारीख चुकलेली असली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं टीव्हीला खोटी वाटतात आणि तो इंटरनेट नाही म्हणतो. तारीख आपोआप घेण्याची सोय बंद करून हाताने बरोबर तारीख घाला, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आता टीव्ही परत घरच्या वायफायवर आणा आणि त्याचा आयपी पत्ता कागदावर लिहून घ्या. अँड्रॉइड टीव्हीत तो `Settings`, मग `Network & Internet`, मग आपल्या वायफायच्या नावावर गेल्यावर दिसतो. इतर टीव्हींत मेनूची नावं थोडी वेगळी असतात, पण नेटवर्कच्याच पानात तो कुठेतरी सापडतो. फोनचाही पत्ता बघून ठेवा. दोन्हींचे पहिले तीन आकडे सारखे हवेत. फोन `192.168.1.6` आणि टीव्ही `192.168.0.9` असं असेल, तर कुणीतरी जुन्या राउटरच्या वेळी टीव्हीत हाताने पत्ता घालून ठेवलेला आहे. तिथे `Static` असेल ते `DHCP` करा, राउटरकडे जायची गरजच नाही.

काकूंच्या टीव्हीचा पत्ता होता `192.168.1.4`. पहिले तीन आकडे फोनशी जुळत होते.

राउटरचं पान

राउटरच्या खालच्या किंवा मागच्या स्टिकरवर त्याचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`. वायफायवर असलेल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकायचा, सर्चच्या चौकटीत नाही. स्टिकरवरचा पासवर्ड चालला नाही तर तो जोडणी देणाऱ्या माणसाने बदललेला असतो, त्यालाच विचारा.

एक ताकीद. पासवर्ड लागत नाही म्हणून टाचणी घालून रीसेटचं बटण दाबायच्या भानगडीत पडू नका. फायबरच्या डब्यात तुमच्या जोडणीचं युजरनेम आणि लाईनच्या इतर नोंदी भरलेल्या असतात. रीसेटने त्या पुसल्या जातात आणि मग टीव्हीचं राहू द्या, घरातल्या सगळ्यांचंच इंटरनेट जातं, तो माणूस येईपर्यंत. डबा बंद करून पुन्हा चालू करायला मात्र काही हरकत नाही. त्याने काही पुसत नाही, निदान महत्त्वाचं तरी नाही. याच 'निदान'पाशी आपण पुन्हा येणार आहोत.

आत गेल्यावर पहिल्यांदा जोडलेल्या उपकरणांची यादी शोधा. तिचं नाव `DHCP Clients`, `Connected Devices` किंवा असंच काही असतं. तिथे प्रत्येक उपकरणासमोर आयपी पत्ता आणि त्याचा मॅक पत्ता दिसतो. मॅक पत्ता म्हणजे कारखान्यातून आलेली उपकरणाची ओळख: बारा अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गाची खूण. कागदावरचा टीव्हीचा आयपी या यादीत शोधा आणि त्यासमोरचा मॅक टिपून घ्या. टीव्हीच्या मेनूतून मॅक उतरवण्यापेक्षा हे बरं, कारण टीव्हीला दोन मॅक असतात, एक वायफायचा आणि एक मागे वायर लावायच्या सॉकेटचा. लोक हमखास चुकीचा उतरवतात. राउटरच्या यादीत मात्र राउटरला जो दिसतोय तोच असतो.

मग `Security`, `Firewall` किंवा `Access Control` अशा नावाचा मेनू उघडा. त्यात तीन ठिकाणं बघायची. `Parental Control`, म्हणजे मुलांसाठी घातलेले नियम. `MAC Filter`, म्हणजे मॅक पत्ता बघून अडवणारे. आणि `IP Filter`, म्हणजे आयपी पत्ता बघून अडवणारे. काहीही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा. मागे फिरायची वाट तीच.

काकूंच्या राउटरमध्ये पहिली दोन पानं कोरी होती. `IP Filter`वर एक ओळ सापडली, साधारण अशी:

```
Source IP    : 192.168.1.4
Protocol     : ALL
Action       : Deny
```

टीव्हीचाच पत्ता! काका म्हणाले, "टीव्ही बंद करायला कोण बसलंय आमच्या घरात?"

टीव्हीला दुसऱ्याची शिक्षा

कुणीच नव्हतं बसलं. काकूंनी नातवाला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी त्याची दहावी होती आणि टॅब हातातून सुटत नव्हता. केबलच्या पोराने टॅब अडवायला ही ओळ घातली. तेव्हा टॅबचा पत्ता होता `192.168.1.4`. दहावी झाली, नातू टॅबसकट पुण्याला गेला, ओळ मात्र राहिली. रिकाम्या खोलीला कुलूप लावावं तशी. कुणाला त्याचा त्रास नव्हता, कारण त्या खोलीत कुणी राहतच नव्हतं.

इथे आयपी पत्त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. राउटर तो पत्ता कायमचा देत नाही, ठराविक मुदतीसाठी देतो. पुष्कळ घरगुती राउटरमध्ये ही मुदत चोवीस तासांची असते. उपकरण घरातच असेल तर मुदत वाढत जाते आणि महिनोन्‌महिने तोच पत्ता राहतो. पण कुणाला कोणता पत्ता दिला ही नोंद अनेक राउटर तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. लाईट गेली की ती नोंद पुसली जाऊ शकते आणि लाईट आली की जो आधी मागेल त्याला आधी, असं वाटप नव्याने होतं. त्या दिवशी तसंच झालं. काकांनी नुकताच घेतलेला फोन आधी जोडला गेला आणि त्याने `192.168.1.3` घेतला. तो आजवर टीव्हीकडे असायचा. टीव्ही मागून उठला आणि त्याच्या वाट्याला चार नंबर आला, कुलपासकट.

म्हणून अशा बिघाडाची एक खूण असते: आज चालतं, उद्या चालत नाही, लाईट गेल्यावर बिघडतं, कधी आपोआप सुधारतं. टीव्ही दोनदा बंद-चालू करून सुरळीत झाला आणि आठवड्याने पुन्हा तीच तक्रार आली, तर दर वेळी टीव्हीचा आयपी लिहून ठेवा. चालताना एक आणि अडताना दुसरा असा निघाला, तर दोषी बहुतेक `IP Filter`च.

खात्री करून मगच बदल

ओळ दिसली म्हणून लगेच पुसू नका. तिच्यासमोर चालू-बंदची खूण असते, ती आधी नुसती काढा आणि `Apply` किंवा `Save` दाबा. हे दाबायचं राहिलं म्हणून अर्धा तास डोकं खाजवणारे मी बघितलेत, मीही त्यातला एक. मग टीव्हीवर यूट्यूब पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. अॅप उघडंच ठेवून तपासलं तर कधी आधी भरून ठेवलेला व्हिडिओ चालतो, कधी जुनीच चूक पडद्यावर राहते. दोन्ही फसवतं.

आमच्याकडे खूण काढल्यावर यूट्यूब उघडलं. पुन्हा लावली, बंद पडलं. पुन्हा काढली, उघडलं. एकदा चाललं तर तो योगायोग असू शकतो, पण असं मागेपुढे करून तीन वेळा तेच घडलं की संशय राहत नाही. मग ओळ पुसून टाकली.

पण नातू सुट्टीत येणार होता आणि काकूंना टॅबवर लगाम हवाच होता. आयपीवर नियम घातला की आज ना उद्या तो दुसऱ्याच कुणाच्या मानगुटीवर बसणार. म्हणून असा नियम मॅक पत्त्यावर घालायचा. तो उपकरणाबरोबर फिरतो, पत्ता बदलला तरी सुटत नाही. यातही एक मेख आहे. अँड्रॉइड 10 पासूनचे फोन आणि टॅब, तसेच आयओएस 14 पासूनचे आयफोन, वायफायला आपला खरा मॅक न सांगता बनवलेला सांगतात. तो ओळखायचा कसा? मॅकचं दुसरं अक्षर बघा. ते `2`, `6`, `A` किंवा `E` असेल तर पत्ता बनवलेला आहे. `DA:4F:...` असा दिसला तर बनवलेला, `D8:4F:...` दिसला तर कारखान्याचा.

बनवलेला मॅक साधारणपणे एका वायफायसाठी तोच राहतो, पण फोन रीसेट केला की बदलतो, आणि काही ठिकाणी वायफाय विसरून पुन्हा जोडल्यावरही बदलू शकतो. म्हणून ज्याच्यावर नियम घालायचा त्या टॅबमध्ये वायफायच्या नावावर जाऊन `Privacy` मध्ये `Use device MAC` निवडायचं आणि मग राउटरच्या यादीत दिसणारा मॅक नियमात घालायचा. नातवाला हे वाचून उलटं करता येईल हे मला माहीत आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोरासमोर राउटर किती टिकणार?

शेवटी टीव्हीसाठी एक पत्ता राखून ठेवला. `DHCP Reservation` किंवा `Static DHCP` नावाचं पान असतं, तिथे टीव्हीचा मॅक आणि `192.168.1.50` अशी जोडी घातली, टीव्ही बंद करून चालू केला. आता लाईट कितीही वेळा गेली तरी टीव्ही पन्नास नंबरच घेणार. मॅक उतरवताना एक ध्यानात ठेवा: त्यात आकडे आणि `A` ते `F` एवढीच अक्षरं येतात. ओ सारखं दिसतं ते शून्यच. `B` आणि `8` मात्र खरोखर एकमेकांसारखे दिसतात, म्हणून शक्य तिथे टाईप न करता कॉपी करा.

परवानगीची यादी आणि चुकलेलं घड्याळ

आणखी दोन प्रकार नव्याने टीव्ही घेणाऱ्यांना गाठतात.

मॅक फिल्टर दोन तऱ्हांनी चालतो. एकात यादीतल्यांना अडवलं जातं, दुसऱ्यात फक्त यादीतल्यांनाच सोडलं जातं. दुसरी तऱ्हा चालू असेल, पानावर `Allow` किंवा `Whitelist` लिहिलेलं असेल, तर नवा टीव्ही यादीत नसल्यामुळेच अडतो. त्याचा मॅक यादीत घातला की झालं. पण आपणहून ही तऱ्हा चालू करायची असेल तर आधी ज्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून काम करताय त्याचा मॅक यादीत घाला. रिकामी यादी ठेवून `Allow` लावलं की सगळेच बाहेर, कधीकधी आपणही, आणि राउटरचं पानही उघडत नाही.

दुसरा प्रकार घड्याळाचा. राजारामपुरीतल्या माझ्या मित्राकडे टीव्ही रोज सकाळी मुका आणि दुपारी जेवायच्या सुमारास आपोआप ठीक. त्याच्या आईचे सकाळचे अभंग बुडायचे. राउटरमध्ये नियम होता रात्री दहा ते सकाळी सहा, मुलांसाठी, आणि तो टीव्हीवरही लागू होता. नियमात काही चूक नव्हती, राउटरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर गेलेलं होतं. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे त्याचे रात्रीचे दहा वाजायचे आपल्या पहाटे साडेतीनला आणि सकाळचे सहा वाजायचे आपल्या साडेअकराला. `Time Zone` मध्ये `GMT+05:30` निवडल्यावर अभंग पुन्हा सुरू झाले. बिघाड घड्याळाच्या काट्यावर येत-जात असेल तर राउटरच्या पहिल्या पानावरची वेळ मनगटावरच्या वेळेशी ताडून बघा. तिथे 1970 साल दिसलं तर राउटरला बाहेरून वेळ मिळालेलीच नाही. बऱ्याच राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, लाईट गेली की ते तिथून मोजायला सुरुवात करतं.

केबलवाल्याला काय सांगायचं

काही राउटरमध्ये आपल्या युजरनेमने ही पानं दिसतच नाहीत, ती जोडणी देणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेली असतात. अशा वेळी "टीव्ही चालत नाही" एवढंच सांगितलं तर उत्तर ठरलेलं, डबा बंद करून चालू करा. त्याऐवजी असं सांगा: "टीव्ही हॉटस्पॉटवर चालतो. घरच्या वायफायवर जोडला जातो, आयपी `192.168.1.4` मिळतो, पण इंटरनेट नाही. त्याच वायफायवर फोन चालतो, डेटा बंद करून बघितलंय. राउटरमध्ये या आयपीवर किंवा टीव्हीच्या मॅकवर काही नियम आहे का, तेवढं बघा." मॅक हाताशी ठेवा, तो लगेच विचारतील.